सोळा फ्रेमची शांतता

एसटी स्टँडवरचा एक बाक. त्यावर एक गृहस्थ वडापाव खात बसले आहेत. शेजारी एक वाघ येऊन बसतो. गृहस्थ मान वळवून त्याच्याकडे बघतात, पुन्हा समोर बघू लागतात आणि घास चावत राहतात. मग चावणं थांबतं. डोळे समोरच खिळून राहतात. पुढच्याच क्षणी मान खांद्यांत रुतते, डोळे गच्च मिटतात आणि सगळं शरीर स्प्रिंगसारखं वर उसळतं. डोळे ताटलीएवढे झालेले असतात, केस उभे राहिलेले असतात आणि वडा हवेत गेलेला असतो.

हा प्रसंग कार्टूनमध्ये रंगवायचा तर पाच सेकंद पुरतात. सिनेमाच्या हिशेबात एका सेकंदाच्या 24 फ्रेम, म्हणजे एकूण 120. गृहस्थ उसळतात तो धक्का यातल्या फक्त दोन फ्रेममध्ये आटोपतो. हसू मात्र त्याच्या आधीच फुटायला लागलेलं असतं, चावणं थांबलं तेव्हा. पडद्यावर त्या वेळी काहीच हलत नसतं.

अ‍ॅनिमेटर अशा दचकण्याला ‘टेक’ म्हणतात. एकदा बघून काहीच न कळणं आणि मग कळल्यावर दुसऱ्यांदा दचकून बघणं, हा ‘डबल टेक’. ही युक्ती रंगभूमीवरून आणि मूकपटांतून आली. लॉरेल आणि हार्डी यांच्या विनोदी चित्रपटांत जेम्स फिन्लेसन हा टकला, मिशीवाला नट ती हमखास करत असे. मान आधी वळायची आणि डोक्यात प्रकाश मागाहून पडायचा. अ‍ॅनिमेशनच्या पाठ्यपुस्तकांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दचकून खाली गेलेलं डोकं वर येताना डावीकडे-उजवीकडे जोरात हलवलं, की त्यालाही डबल टेकच म्हणतात. इथे पहिला अर्थ घेऊ, कारण त्यात पात्र विचार करताना दिसतं.

चित्राला विचार करायला लावणं ही एके काळी नवलाची गोष्ट होती. डिस्नेच्या 1934 सालच्या ‘प्लेफुल प्लूटो’ या लघुपटात कुत्रा माश्या मारायच्या चिकट कागदात अडकतो. नॉर्म फर्ग्युसनने रंगवलेला हा प्रसंग अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात आजही दाखला म्हणून दिला जातो. त्यात प्लूटो नुसती धडपड करत नाही. मध्येच तो थांबतो, कागदाकडे बघतो, काहीतरी ठरवतो आणि मग पुढची चूक करतो. तो थांबला की प्रेक्षक त्याच्या डोक्यात शिरतात. हलणारं चित्र काय चाललं आहे ते सांगतं, थांबलेलं चित्र पात्राच्या मनात काय चाललं आहे ते. या थांबण्याला धंद्यातला शब्द आहे ‘होल्ड’.

आता बाकावरच्या गृहस्थांकडे वळू आणि त्या 120 फ्रेम एकेक करून मोजू. अ‍ॅनिमेटर हा हिशेब एक्सपोजर शीट नावाच्या उभ्या तक्त्यावर मांडतो. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक फ्रेम, आणि त्या ओळीवर कोणतं चित्र दिसेल ते लिहिलेलं असतं.

पहिल्या 24 फ्रेम, म्हणजे एक पूर्ण सेकंद, गृहस्थ समोर बघत चावत आहेत. ही पोझ साधी, अगदी कंटाळवाणी हवी. पाठ जराशी वाकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. पुढे शरीर वर ताणायचं असेल तर ते आधी सैल दिसलं पाहिजे. मग 25 ते 30 या सहा फ्रेममध्ये मान वळते. मान वळण्याच्या दोन-तीन फ्रेम आधी बुबुळं वळतात, कारण खऱ्या आयुष्यातही आधी नजर जाते आणि मागून मान. वळताना मान सरळ रेषेत फिरत नाही. ती मध्यावर जराशी खाली झुकून पुन्हा वर येते आणि तिचा मार्ग पाळण्याच्या झोक्यासारखा कमानदार होतो. मान आडव्या सरळ रेषेत फिरली तर पात्र दाराच्या बिजागरीसारखं वाटतं.

31 ते 42 या 12 फ्रेम गृहस्थ वाघाकडे बघतात. चेहऱ्यावर काहीही उमटत नाही आणि चावणं चालूच राहतं. इथे भुवई जरा जरी हलली तरी पुढचा सगळा डाव फसतो, कारण प्रेक्षकाला वाटतं की त्यांना कळलं. पुढच्या आठ फ्रेममध्ये मान परत समोर येते. येताना जायच्या वेळेपेक्षा दोन फ्रेम जास्त लागतात, म्हणून ती निवांत वाटते.

51 ते 66 या सोळा फ्रेम या प्रसंगाचं काळीज आहेत. पहिल्या काही फ्रेममध्ये जबडा एकदा खाली-वर होतो. मग तो अर्ध्यावरच थांबतो. बुबुळं स्थिर होतात. पापण्या किंचित वर जातात, पण डोळे वटारण्याइतक्या नाहीत. शरीरातली बाकी एकही रेषा हलत नाही. सोळा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश भाग. तेवढ्यात प्रेक्षकाच्या मनात सगळी साखळी पूर्ण होते: त्यांनी पाहिलं, त्यांना कळलं नाही, आता कळतंय. प्रेक्षक स्फोटाच्या एक पाऊल पुढे जाऊन त्याची वाट बघू लागतो.

67 ते 74 या आठ फ्रेममध्ये शरीर आधी उलट दिशेला जातं. वर उसळायचं आहे म्हणून ते खाली दबतं. याला ‘अँटिसिपेशन’ म्हणतात. लांब उडी मारणारा खेळाडू आधी गुडघे वाकवतो, तसंच हे. खाली जाण्याचं बहुतेक अंतर पहिल्या चार फ्रेममध्ये कापलं जातं. उरलेल्या चार फ्रेममध्ये चित्र केसभरच सरकतं, दाबलेली स्प्रिंग सुटण्याआधी जशी थरथरते तसं. या पोझमध्ये डोळे गच्च मिटलेले असतात, गाल फुगलेले आणि खांदे कानांपर्यंत आलेले. डोकं चपटं होतं, पण त्याच वेळी रुंदही होतं. कणकेचा गोळा दाबला तरी कणीक कमी होत नाही. तोच नियम इथेही आहे. डोकं चपटं झालं पण रुंद झालं नाही, तर ते दबल्यासारखं न दिसता आक्रसल्यासारखं दिसतं.

मग येतो धक्का, फ्रेम 75 आणि 76. इतका वेळ बहुतेक चित्रं दोन-दोन फ्रेम दाखवली जात होती, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. इथे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. या दोन चित्रांत डोकं नीट काढलेलं नसतं, ते ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसं वरच्या दिशेने ओढलेलं असतं. चक जोन्सने 1942 साली ‘द डोव्हर बॉईज’ या लघुपटात अशी फासलेली चित्रं इतकी मुक्तपणे वापरली, की आजही त्या तंत्राची गोष्ट निघाली की त्याचंच नाव येतं. फिल्म थांबवून ती चित्रं बघितली तर ओंगळ वाटतात. वेगात बघितली तर ती दिसत नाहीत, फक्त वेग जाणवतो.

77व्या फ्रेमला टोकाची पोझ येते. गृहस्थ जमिनीवरून उठलेले, मान लांबलेली, डोळे चेहऱ्याच्याही बाहेर. ही पाच फ्रेम टिकते. त्यानंतरच्या आठ फ्रेममध्ये शरीर जरा खाली येऊन एका तुलनेने साध्या, पण अजूनही घाबरलेल्या पोझमध्ये स्थिरावतं. ती पोझ शेवटपर्यंत राहते. केस मात्र काही फ्रेम उशिरा खाली बसतात आणि हातातला पाव थरथरत राहतो. उसळी ज्या पोझमध्ये संपते तीच पोझ तशीच धरून ठेवली तर चित्र गोठल्यासारखं वाटतं. टोक गाठून थोडं मागे यायचं, हा त्यावरचा उपाय आहे.

सगळ्याची बेरीज केली तर 120 पैकी 83 फ्रेम शरीर जवळपास जागच्या जागी असतं. चित्रांचे ढीग लागतात ते उरलेल्या फ्रेमसाठी.

टोकाची पोझ पाचच फ्रेम का, याचं उत्तर टेक्स एव्हरीच्या कामात सापडतं. टेक्सासचा हा दिग्दर्शक 1940च्या दशकात हॉलिवूडमधल्या एमजीएमच्या कार्टून विभागात काम करत होता. पडद्यावरची गोष्ट डोळ्याला टिपायला पाच फ्रेम पुरतात, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच मापावर त्याने आपले विनोद घट्ट केले. त्याच्या 1946 सालच्या ‘नॉर्थवेस्ट हाउंडेड पोलीस’ या लघुपटात तुरुंगातून पळालेला लांडगा जिथे जाईल तिथे ड्रूपी नावाचा ठेंगणा, उदास चेहऱ्याचा पोलीस कुत्रा आधीच उभा असतो. दर वेळी लांडगा दचकतो आणि दर वेळचं दचकणं आधीच्यापेक्षा मोठं होत जातं. डोळे बाहेर येतात, जबडा कोसळतो, शरीराचे भाग सुटे होतात. त्याच्या समोरचा ड्रूपी मात्र जवळजवळ हलतच नाही. त्या स्थिर चेहऱ्यामुळेच लांडग्याच्या पोझचं मोजमाप कळतं. दोघंही थयथयाट करत असते तर कोणाचंच दचकणं मोठं वाटलं नसतं.

हे कसब मुंबईतही पद्धतशीर शिकवलं गेलं. 1956 साली डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात प्रशिक्षण द्यायला आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू मानलं गेलं. 1957 साली या विभागातून ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट बाहेर पडला. तेव्हा सगळं काम कागद, पेन्सिल आणि खालून उजेड येणाऱ्या टेबलावर चालायचं. आज तेच काम पडद्यावर होतं आणि चुका वेगळ्या ठिकाणी होतात.

संगणकात पात्राच्या दोन पोझ ठरवल्या की मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः भरून देतं. नवशिक्याचा डबल टेक इथेच बिघडतो. सॉफ्टवेअरला समोरचा माणूस दचकला आहे हे माहीत नसतं, ते दोन टोकांमधलं अंतर गुळगुळीत वाटून टाकतं. मग गृहस्थ पाण्याखाली असल्यासारखे हळूच वर येतात. पोझ बरोबर असते, एकूण वेळही बरोबर असतो, फक्त अंतराची वाटणी चुकलेली असते. उपाय एकच: मधली चित्रं हाताने सरकवून पहिल्या पोझजवळ दाटीने बसवायची, मग एक मोठी उडी घ्यायची आणि पुन्हा शेवटच्या पोझजवळ दाटी करायची.

दुसरा दोष होल्डमध्येच असतो. कागदावरचं चित्र सोळा फ्रेम एकाच जागी राहिलं तरी चालतं, डोळ्याला ते खटकत नाही. त्रिमितीतलं, केसान्‌केस दिसणारं पात्र तसंच थांबलं तर ते मेल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे होल्डमध्येही श्वासाइतकी हालचाल चालू ठेवतात: मान अगदी थोडी खाली सरकते, पापणी किंचित उचलली जाते. ही हालचाल वेगळी दिसता कामा नये. ती दिसली, की चावणं थांबल्याचा परिणाम गेला.

डबल टेक वाचता येतो की नाही हे कळायची खात्रीची रीत सोपी आहे. फ्रेम-फ्रेम सरकवून बघायचं नाही, पूर्ण वेगाने आणि लहान आकारात बघायचं. पोझ काळ्या सावलीसारखी भरून बघायची: दबलेली पोझ आणि उसळलेली पोझ नुसत्या बाह्याकारावरून वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. आणि ज्याने ते चित्र आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला एकदाच दाखवायचं. तो म्हणाला की ‘त्याला झटका का आला?’ तर वाघ नीट दिसला नाही किंवा होल्ड अपुरा पडला.

शिंकेतही हीच रचना असते, फक्त तिचं ओझं दुसरीकडे सरकतं. डबल टेकमध्ये स्फोटाआधीची शांतता एकदाच येते, शिंकेत ती तीनदा चढत जाते. चित्रकार विन्सर मॅके यांना हे अ‍ॅनिमेशनकडे वळण्याआधीच सापडलं होतं. 1904 ते 1906 या काळात न्यूयॉर्क हेरल्डमध्ये त्यांची ‘लिटल सॅमी स्नीझ’ ही चित्रमालिका छापून येत असे. तिच्यात सहा चौकटी असत. पहिल्या चार चौकटींत सॅमीचा श्वास भरत जायचा, पाचवीत शिंक सगळं उद्ध्वस्त करायची आणि सहावीत सॅमीची हकालपट्टी व्हायची. शिंकेच्या एका चौकटीसाठी चार चौकटींचा श्वास, हेच प्रमाण पुढे पडद्यावरही टिकलं. 1914 साली याच मॅके यांनी ‘गर्टी द डायनोसॉर’ रंगवली.

फ्रेमच्या भाषेत एक नमुना असा. पहिला श्वास दहा फ्रेममध्ये चढतो आणि सहा फ्रेम थांबतो. दुसरा आठ फ्रेममध्ये चढून बारा फ्रेम थांबतो. तिसरा सोळा फ्रेम घेत मान पार मागे नेतो आणि वीस फ्रेम तिथेच राहतो. त्या वेळी फक्त नाकपुड्या आणि वरचा ओठ थरथरतात. मग दोन फ्रेममध्ये सगळं शरीर पुढे फेकलं जातं, चार फ्रेम ते टोकाला राहतं आणि बारा फ्रेममध्ये सावरतं. हे सगळं पावणेचार सेकंदांत होतं. श्वासाचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा उंच आणि थांबा आधीच्यापेक्षा लांब हवा. तिन्ही थांबे सारखे ठेवले तर प्रेक्षक ताल ओळखतो, शिंक कधी येणार ते त्याला आधीच कळतं आणि ती आल्यावर काहीच वाटत नाही. शिंकेच्या क्षणी डोळे मिटलेले हवेत. आवाज चित्राच्या अचूक फ्रेमवर बसवला तर तो किंचित लवकर आल्यासारखा वाटतो, म्हणून शरीर पुढे गेल्यावर एक-दोन फ्रेमनंतर ‘च्छी’ येऊ देतात.

डिस्नेने 1937 सालच्या ‘स्नो व्हाइट’मध्ये शिंकऱ्या बुटक्याच्या आवाजासाठी बिली गिल्बर्ट या विनोदी नटाला घेतलं. लांबत जाणाऱ्या शिंकेसाठीच तो प्रसिद्ध होता. त्या चित्रपटात शिंक येऊ घातली की बाकीचे बुटके धावत येऊन त्याच्या नाकाखाली बोट धरतात. शिंक टळली असं वाटतं, सगळे निःश्वास सोडतात आणि मग ती फुटते. हा खोटा दिलासा म्हणजे आणखी एक होल्डच आहे, फक्त या वेळी प्रेक्षकालाही फसवणारा.

तिसरी प्रतिक्रिया उलट्या स्वभावाची आहे. ‘स्लो बर्न’ म्हणजे आतल्या आत धुमसणं. मूकपटांच्या काळापासून एडगर केनेडी या नटाची ती ओळख होती. राग आवरता आवरता तो टकलावरून हात फिरवत चेहऱ्यावरून हळूच खाली आणायचा. यात सगळी करामत स्फोट लांबवण्यात असते.

चक जोन्सच्या 1951 सालच्या ‘रॅबिट फायर’मध्ये डॅफी हा बदक बग्ज बनी या सशाशी वाद घालतो, दर वेळी शब्दांत फसतो आणि शिकारी एल्मरच्या बंदुकीचा बार त्याच्याच तोंडावर उडतो. धूर निवळल्यावर चोच भलतीकडे वळलेली दिसते. डॅफी लगेच ओरडत नाही. तो आधी तसाच उभा राहतो. मग हाताने चोच जागेवर बसवतो आणि सशाकडे चालत जातो. हा वेळ लांबतो तसा प्रेक्षकाला त्याचा अपमान आणि त्याची तोल सांभाळण्याची धडपड एकदमच दिसते.

अशी चार सेकंदं रंगवताना अ‍ॅनिमेटर चेहऱ्याचे भाग एकेक करून हलवतो. अपमानानंतर सव्वा सेकंद काहीच हलत नाही. मग दोन फ्रेममध्ये फक्त बुबुळं बाजूला सरकतात. पुन्हा अर्धा सेकंद शांतता. मग खालची पापणी आठ फ्रेममध्ये वर चढते. पुन्हा थांबा. मग जबडा बाजूला सरकतो, त्यानंतर खांदे श्वासाबरोबर उचलले जातात. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर स्तब्धता असते, म्हणून प्रेक्षक एकेक पायरी मोजत जातो. नवशिक्याचा धुमसणारा चेहरा सहसा एकाच गोष्टीमुळे बिघडतो: भुवया, पापण्या, ओठ आणि गाल एकाच वेळी, एकाच वेगाने बदलत जातात. मग चेहरा रागावलेला वाटत नाही, मेणासारखा वितळताना दिसतो.

बाकावरच्या गृहस्थांकडे परत येऊन एक प्रयोग करता येतो. सगळी चित्रं तशीच ठेवायची आणि फक्त 51व्या फ्रेमपासूनचा होल्ड बदलायचा. सोळाऐवजी सहा फ्रेम ठेवल्या, की गृहस्थांनी वाघाला पहिल्यांदाच पाहिलं होतं असं वाटतं आणि मान परत वळवणं ही चूक ठरते. सोळाऐवजी तीस ठेवल्या, की ते वेगळेच गृहस्थ होतात: संथ, जरा झोपाळलेले, वडापावमध्ये जास्त रमलेले. पन्नास ठेवल्या आणि पुढचं दचकणं काढूनच टाकलं, तर ते घास गिळतात, वाघाकडे न बघता बाकावरून थोडे बाजूला सरकतात आणि एसटीची वाट बघत राहतात.